‘एवढंच?’ हा शब्द काढायला लागलेले चार आठवडे

पुण्यातल्या चौदा टेबलांच्या एका मालवणी हॉटेलात नऊ वेटर आणि दोन कॅप्टन यांच्यासाठी गेल्या वर्षी हे प्रशिक्षण घेतलं. विषय असा की गिऱ्हाइकाला पदार्थ सुचवायचा, पण त्याच्या गळी उतरवायचा नाही. कोणाला आपल्याकडे असं काही करायचं असेल तर वेळ कुठे जातो, पैसे कुठे लागतात आणि काय फसतं, हे आधी कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहोत.

वेळ श्रावणाची निवडली. 2025 मध्ये श्रावण 25 जुलैला लागला आणि 23 ऑगस्टला संपला. गटारीपर्यंत मासळीच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते आणि दुसऱ्या दिवसापासून माश्या मारायची वेळ येते. शिवाय राज्याच्या किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला उठते, म्हणजे ताजा माल ऑगस्टमध्ये हळूहळू येऊ लागतो. 28 जुलैपासून सोमवारी आणि बुधवारी दुपारी चार ते पावणेपाच अशी आठ सत्रं ठरवली. ही वेळ पोरांच्या विश्रांतीची. ती फुकट मागितली असती तर सगळे डोळे मिटूनच बसले असते, म्हणून प्रत्येकाला सत्राचे शंभर रुपये दिले. अकरा जणांचे आठ सत्रांचे 8,800, चहा-नाश्त्याचे 2,400 आणि लॅमिनेट केलेल्या कार्डांचे 330. एका वजनकाट्याचा खर्च मागाहून निघाला, तो पुढे येईलच.

पहिल्या सत्रात काही शिकवलं नाही. दोन खुर्च्या टाकल्या, दोघांना गिऱ्हाईक केलं, एकाला ऑर्डर घ्यायला लावली आणि बाकीच्यांना त्याची वाक्यं जशीच्या तशी कागदावर उतरवायला सांगितली. पाऊण तासात तीच तीन वाक्यं फिरून फिरून आली: ‘अजून काय?’, ‘बाकी?’ आणि ‘एवढंच?’. पहिल्या दोन वाक्यांनी काहीच विकलं जात नाही, कारण त्यांत पदार्थाचं नावच नाही. तिसरं मात्र बोचतं. दोघांनी एक थाळी आणि एक भाकरी सांगितली आणि वेटर ‘एवढंच?’ म्हणाला की त्यांच्या खिशाचा हिशोब चारचौघांत निघतो. इंग्रजीतलं ‘इज दॅट ऑल?’ तसंच. त्याच्या जागी ऑर्डर परत वाचून दाखवायची आणि थांबायचं: ‘एक सुरमई थाळी, एक तांदळाची भाकरी. बरोबर?’ इंग्रजीत, ‘वन सुरमई थाली अँड वन राइस भाकरी. इज दॅट राइट?’ वाचून दाखवल्यावर काही राहिलं असेल तर गिऱ्हाईक आपणहून सांगतं.

दुसऱ्या सत्रात खरी गाठ सापडली, ती पंगतीच्या आग्रहाची. आपल्याकडे वाढणाऱ्याने तीनदा विचारायचं आणि जेवणाऱ्याने दोनदा नको म्हणायचं, ही रीतच आहे. गावाकडून आलेला पोरगा तीच रीत टेबलावर घेऊन येतो आणि त्याला ती मनापासून चांगली सेवा वाटते. ‘घ्या ओ काका, एक वडा घ्या, गरम आहे.’ पण पंगतीत शेवटी बिल येत नाही. हॉटेलात तिसऱ्यांदा विचारलं की काका वडा घेतात, तो पानात तसाच टाकून उठतात आणि पुढच्या वेळी शेजारच्या हॉटेलात जातात. त्यातच मराठी माणूस सरळ ‘नको’ फार कमी वेळा म्हणतो. म्हणून नकाराची यादी केली: ‘बघू’, ‘नंतर सांगतो’, ‘आत्ता राहू दे’, ‘आधी हे तर येऊ द्या’. चारहींचा अर्थ नको असाच धरायचा. बोलण्याआधीच्या खुणाही आहेत. मेनूकार्डावर बोट पदार्थावरून सरकून दराच्या रांगेत जातं, दोघं एकमेकांकडे बघतात, कार्ड मिटतं, किंवा ताटावर तळहात आडवा येतो. यातली एक जरी दिसली तरी ‘बरं’ म्हणून तिथून हलायचं. एका पदार्थाबद्दल एका टेबलाला एकदाच विचारायचं, हा नियम इथे ठरला.

मग सुचवायचं कधी, तर जेवणात त्याच्या चारच जागा आहेत. बसल्यावर पाणी विचारताना, ऑर्डर घेताना, पानं वाढून झाल्यावर दोनेक घास पोटात गेले की, आणि ताटं उचलल्यावर. या चारांच्या मध्ये टेबलाजवळ गेलात तर फक्त वाढायला किंवा उचलायला जायचं.

पाण्यातच सगळ्यांत जास्त घसरायला होतं. ‘बाटली ना सर?’ असं विचारून झाकण फोडायची सवय बहुतेकांना होती. झाकण फुटल्यावर गिऱ्हाइकाला नको म्हणता येत नाही, म्हणजे हे सुचवणं नव्हेच. आता वाक्यात साधं पाणी आधी येतं: ‘पाणी साधं देऊ की बाटलीतलं? साधं फिल्टरचं आहे.’ इंग्रजीत, ‘वुड यू लाइक रेग्युलर वॉटर ऑर बॉटल्ड? द रेग्युलर वॉटर इज फिल्टर्ड.’ दोन पर्यायांतला जो महाग तो पहिला आणि हसून, ही हातचलाखी कानाला लगेच कळते. बाटल्यांचा खप खाली येईल हे कॅशवर आधीच सांगून ठेवा. आमचा आला, आणि आठवडाभर त्यावरून कुरकुर चालली.

वाक्यं मराठीत बसवताना एक गोष्ट अनपेक्षितपणे सोपी निघाली. नऊपैकी पाच जण ओडिशा आणि नेपाळचे. त्यांची हिंदी चांगली, पण मराठी क्रियापदांच्या लिंगात ते हमखास अडकायचे. ‘देऊ का’, ‘आणू का’, ‘दाखवू का’ या रूपांना लिंगच नाही, त्यामुळे बोलणारा चुकत नाही. शिवाय ‘घेणार का?’ यात ओझं गिऱ्हाइकावर पडतं, तर ‘आणू का?’ यात काम वेटरकडे राहतं आणि ‘नको’ म्हणणं हलकं होतं. म्हणून मराठीतले सगळे प्रश्न असल्याच रूपांवर बांधले. इंग्रजीत त्यांच्या जागी ‘शॅल आय ब्रिंग’ आणि ‘शॅल आय शो यू’. तिथे ‘यू वॉन्ट सोलकढी?’ पूर्ण बंद केलं. विचारणाऱ्याच्या मनात नसलं तरी ते उद्धट वाटतं. कार्डावर इंग्रजी वाक्यं देवनागरीतच छापली, त्यामुळे पाठांतर निम्म्या वेळात झालं.

वाक्यात तीन गोष्टी हव्यात. टेबलावरचं एखादं कारण, पदार्थाचं नाव आणि तो कसा लागतो ते, आणि शेवटी सुटायची वाट. उदाहरणार्थ, कोळंबीचं तिखलं सांगितलेल्या टेबलाला: ‘तिखलं जरा झणझणीत आहे. सोबत सोलकढी आणू का? कोकम आणि नारळाच्या दुधाची, थंडगार. नाहीतर साधं ताकही आहे.’ इंग्रजीत, ‘द प्रॉन तिखलं इज क्वाइट स्पायसी. शॅल आय ब्रिंग अ सोलकढी विथ इट? इट्स कोकम अँड कोकोनट मिल्क, सर्व्हड कोल्ड, अ लिटल सावर. ऑर प्लेन बटरमिल्क, इफ यू प्रिफर.’ ‘आमची स्पेशालिटी आहे’ हे वाक्य आम्ही काढून टाकलं, कारण त्यातून चव कळत नाही.

त्याहून वाईट उत्तर ‘आज काय चांगलं आहे?’ या प्रश्नाला मिळतं: ‘सगळंच चांगलं आहे सर.’ गिऱ्हाईक निवड करायला मदत मागतं आणि त्याला मेनूकार्ड परत मिळतं. उत्तरात दोनच पदार्थ सांगायचे, एक मासळीचा आणि एक शाकाहारी किंवा स्वस्तातला. ते कोणते, हे रोज दुपारच्या आणि संध्याकाळच्या ब्रिफिंगमध्ये आचारी सांगतो. इथे एक सापळा आहे, आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्ही त्यात सापडलो. आचाऱ्याने संपवायचा माल सुचवला. सकाळचे बांगडे संध्याकाळपर्यंत उरले होते, पोरांनी ते उत्साहाने खपवले आणि दोन टेबलांवरून ताटं परत आली. तेव्हापासून ब्रिफिंगला कॅप्टनचा प्रश्न ठरलेला असतो: ‘हे आज कधी आलं?’

चव घेतल्याशिवाय चव सांगता येत नाही, आणि श्रावणाचा तोटा इथे कळला. अकरांपैकी चार जण महिनाभर मासळीला शिवणार नव्हते. त्यांना जबरदस्ती करण्याचा प्रश्नच नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या दोन आठवड्यांत सोलकढी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी आणि कोकम सरबत सगळ्यांनी चाखलं. मासळीचं चाखणं त्या चौघांपुरतं 24 ऑगस्टच्या सकाळवर ढकललं. तोवर त्यांनी काटे किती, तिखट किती, एका नगात किती जणांचं होतं, एवढंच सांगायचं. तेवढंही पुरतं असं दिसलं. परगावच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुतेकदा काट्यांचाच असतो.

आता मुख्य मुद्दा. मासळीच्या हॉटेलात दडपणाचा उगम बोलण्यापेक्षा मेनूकार्डात जास्त असतो, आणि तिथे त्याचं नाव ‘ॲज पर साइज’ असं छापलेलं असतं. पापलेट, सरंगा, लॉबस्टर यांच्यापुढे दरच नाही. चारचौघांत दर विचारायला माणूस लाजतो, वेटर ‘मस्त मोठं पापलेट आहे दादा, करू का?’ म्हणतो, होकार येतो आणि धक्का बिलावर बसतो. वेटर कितीही नम्र असला तरी दर न सांगता घेतलेला होकार हा दडपणानेच घेतलेला. चौथं आणि पाचवं अशी दोन सत्रं, म्हणजे दीड तास, फक्त यावर घालवली.

पद्धत अशी ठरली. मासा कच्चा, अख्खा, ताटलीत घालून टेबलापाशी न्यायचा. सोबत वजनाची चिठ्ठी. वजन साफ करायच्या आधीचं आहे हे सांगायचं, कारण पोट, कल्ले आणि पर काढल्यावर तोच मासा हलका होतो आणि गिऱ्हाइकाला पानात लहान दिसतो. मग रक्कम रुपयांत सांगायची. नुसता शंभर ग्रॅमचा दर सांगून गुणाकार गिऱ्हाइकावर सोडायचा नाही. समजा पापलेट 350 ग्रॅमचं आणि दर शंभर ग्रॅमला 220. म्हणजे 770 रुपये, त्यावर 5 टक्के जीएसटीचे 38.50, एकूण 808.50. वेटरचं वाक्य: ‘दादा, हे पापलेट साफ करायच्या आधी साडेतीनशे ग्रॅम आहे. याचे सातशे सत्तर होतील, वर जीएसटी. तळून दोघांना पुरतं. याहून लहान दाखवू का?’ इंग्रजीत, ‘सर, धिस पॉम्फ्रेट इज थ्री हंड्रेड फिफ्टी ग्रॅम्स बिफोर क्लीनिंग. इट कम्स टू सेव्हन हंड्रेड सेव्हंटी, प्लस टॅक्स. फ्राइड, इट इज इनफ फॉर टू. शॅल आय शो यू अ स्मॉलर वन?’ शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं, कारण त्याने ‘महाग आहे’ असं न म्हणताही खाली उतरता येतं. होकार आल्यावरच मासा कापायचा, आणि केओटीवर, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, वजन आणि रक्कम दोन्ही लिहायची. केओटीवर नुसतं ‘पापलेट 1’ लिहिलं की बिलाच्या वेळी कॅशवर वाद होतो आणि टेबलावर सांगितलेला आकडा कोणालाच आठवत नाही.

यातूनच काट्याचं काम निघालं. भटारखान्यातला काटा फक्त आत आलेला माल ताडून बघायला वापरत होतो, त्याच्यावर शिक्का नव्हता. गिऱ्हाइकाकडून वजनावर पैसे घ्यायचे तर काटा वैध मापन शास्त्र विभागाकडून तपासून मुद्रांकित केलेला लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची ही तपासणी दर वर्षी करावी लागते. परवानाधारक विक्रेत्याकडून नवा काटा घेतला, जवळपास तीन हजारांना. पडताळणी होऊन प्रमाणपत्र हातात यायला नऊ दिवस गेले. तोवर पापलेटच्या सत्रांत वजनाच्या चिठ्ठ्या खोट्या आणि मासा बटाट्याचा, असाच सराव चालला. तुम्ही करणार असाल तर काट्याचं काम पहिल्या सत्राच्या आधी उरका. प्रमाणपत्र काट्याजवळ दिसेल असं लावायचं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मासा त्याच्यासमोर तोलून दाखवायचा.

सहाव्या सत्रात मुलांचा आणि यजमानांचा विषय घेतला. ‘बेटा, आइस्क्रीम खाणार?’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. मूल हो म्हणणारच आणि आईबापांना सगळ्यांदेखत नाही म्हणावं लागणार. आता मुलाला काही विचारायचं नाही. ताटं उचलल्यावर मोठ्यांकडे बघून, आवाज बेताचा ठेवून: ‘गोडात आज खरवस आणि धोंडस आहे. कार्ड ठेवू का, की बिल आणू?’ इंग्रजीत, ‘वी हॅव खरवस अँड धोंडस टुडे. शॅल आय लीव्ह द मेनू, ऑर ब्रिंग द बिल?’ गोडाच्या शेजारी बिलाचा पर्याय ठेवला की नाही म्हणायचं कामच उरत नाही. मालकाला ते पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. दहाबारा जणांच्या टेबलावर जो पैसे देणार त्याला पाहुण्यांसमोर काही सुचवायचं नाही. कॅप्टनने सुरुवातीलाच त्याच्या बाजूला जाऊन विचारायचं, ‘काका, स्टार्टर किती प्लेट लावू? मधे मी विचारत नाही, तुम्ही खूण करा.’

याच टप्प्यावर मालकांनी एक फळा लावला: जो जास्त गोड विकेल त्याला रोज पन्नास रुपये. दोन दिवसांत सगळं जुनं परत आलं. एकाच टेबलाला दोन जण विचारू लागले आणि ‘घ्या ओ’ सुरू झालं. चार दिवसांनी फळा उतरवला. वेगवेगळ्या टेबलांवर वेगळी माणसं बसतात, त्यामुळे तो आकडा तसाही वेटरच्या कौशल्याचा नव्हता. त्याऐवजी कॅशजवळ एक वही ठेवली. तीत दोनच नोंदी: बिल बघून दराबद्दल विचारणा झालेली टेबलं, आणि न खाता परत आलेले पदार्थ, टेबलाच्या नंबरासकट. कोणता वेटर लोटतो आहे ते वहीवरून आठवड्यात कळतं.

शेवटची दोन सत्रं पुन्हा खुर्च्या टाकून सरावाची. फार जण सगळं वाक्य बरोबर म्हणून शेवटी थांबायचे नाहीत, ‘आणू का?’ नंतर लगेच ‘छान आहे, आणतो’. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजायचे. गप्प राहणं शिकवायला वाक्यांपेक्षा जास्त वेळ गेला.

परीक्षा रविवारी 24 ऑगस्टला झाली. श्रावण आदल्या दिवशी संपलेला आणि बुधवारी 27 ला गणपती. मधल्या त्या फटीत सगळी मासळीवाली मंडळी एकदम बाहेर पडतात. दुपारी सहा नंबरवर पाच जण: आजी, आईवडील, दोन मुलं. वडिलांनी चार सुरमई थाळ्या, वर एक सुरमई फ्राय आणि चार सोलकढी सांगितल्या. वेटर म्हणाला, ‘दादा, थाळीत सुरमईची एक तुकडी आणि सोलकढीची वाटी आहेच. वेगळी फ्राय आत्ता थांबवू का? लागली तर दहा मिनिटांत येते.’ फ्राय आणि सोलकढ्या रद्द झाल्या. मग तो आजींकडे वळला, ‘मावशी, तुमच्यासाठी काय आणू? मासळी नको असेल तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी आहे, तिखट नाही.’ ते त्यांनी घेतलं. तिसऱ्या जागेला, दोन घास झाल्यावर, त्याने काही सुचवलं नाही, कारण धाकट्याचं ताट अजून भरलेलं होतं. गोडाच्या वेळी आजींनीच खरवस मागवला. बिल आधीच्या ऑर्डरपेक्षा कमी झालं. वहीत त्या टेबलाची नोंद नाही, आणि ताटं स्वच्छ परत आली.

त्याच दुपारी अकरा नंबरवर उलटं झालं. गर्दीत मासा न दाखवताच सरंगा लावला गेला आणि बिलावर हरकत आली. सरंग्याचे निम्मे पैसे कमी केले. वेटरला विचारल्यावर कळलं की ताटली न्यायला पासवर, म्हणजे भटारखान्यातून ताटं बाहेर येतात त्या जागी, कोणी मोकळं नव्हतं. आता रविवारी दोन ते चार एक पोरगा फक्त कच्चा मासा दाखवायला ठेवतो. पापलेट आणि सरंगा दाखवता येत नसतील तेव्हा ते मेनूतून तासभर बंद, आणि तुकडीचे ठरलेल्या दराचे पदार्थच सुचवायचे.

पार्सलच्या फोनवर हे अजून नीट बसलेलं नाही. मासा दाखवता येत नाही, आणि मोबाइलवर फोटो पाठवला तर आकार कळत नाही. सध्या फोनवर वजन आणि रक्कम सांगून होकार घेतो आणि नंतर तेच मेसेजवर लिहून पाठवतो. काट्याचा पुढचा शिक्का ऑगस्टमध्ये लागतो, ती तारीख कॅश काउंटरमागे प्रमाणपत्राशेजारी लिहून ठेवली आहे.